‘माझी आजीपण असेच करते’: अनुमानाच्या उत्तरावर लेखी अभिप्राय कसा लिहावा

भाषा विषय नव्याने शिकवू लागलेल्या शिक्षकांना वह्या तपासताना एका प्रकारचे उत्तर वारंवार भेटते. प्रश्न असतो उताऱ्यातील एखाद्या व्यक्तीच्या मनात काय चालले असावे असा, आणि विद्यार्थी उत्तर देतो ते स्वतःच्या घरावरून, आजीवरून किंवा शेजाऱ्यांवरून. उत्तर प्रामाणिक असते, वाक्ये शुद्ध असतात, कधीकधी निष्कर्षही बरोबर असतो. पण उतारा मात्र त्यात कोठेच नसतो. अशा उत्तराखाली नेमके काय लिहावे, कोणत्या क्रमाने लिहावे आणि लिहिल्यानंतर काय पाहावे, एवढ्यापुरताच हा लेख आहे. उदाहरणासाठी इयत्ता सातवीचा मराठी माध्यमाचा वर्ग धरला आहे.

पुढचा उतारा मी वर्गात वापरण्यासाठीच रचलेला आहे. वाक्यांना क्रमांक दिले आहेत. अपठित उतारा फळ्यावर लिहिताना किंवा छापून देताना ही सवय लावून घ्यावी, कारण क्रमांक असले की अभिप्रायात ‘दुसऱ्या परिच्छेदाच्या शेवटी जिथे…’ असे लांबण लावावे लागत नाही.

(१) बाबा अंगणात आले तेव्हा सखूआत्या तुळशीपाशी बसून तांदूळ निवडत होती. (२) ‘गाडी सहाचीच ना?’ सुपावरची नजर न काढता तिने विचारले. (३) ‘हो,’ बाबा म्हणाले. (४) आत्याने निवडून बाजूला काढलेले तांदूळ पुन्हा सुपात ओतले आणि पहिल्यापासून निवडायला घेतले. (५) ओसरीवर दादाची पत्र्याची पेटी दोरीने बांधून ठेवलेली होती. तिची गाठ आत्याने सकाळपासून दोनदा सोडून पुन्हा बांधली होती. (६) ‘मुंबईत काय, सगळे मिळते,’ असे स्वतःशीच म्हणत तिने लाडवांचा डबा पेटीवर नेऊन ठेवला.

प्रश्न असा: सखूआत्याच्या मनात त्या वेळी काय चालले असावे? उताऱ्याच्या आधारे दोन-तीन वाक्यांत लिहा.

आणि एका विद्यार्थिनीचे उत्तर असे: ‘सखूआत्या विसराळू झाली आहे. कारण ती तेच तांदूळ परत निवडते. माझी आजीपण एकदा केलेले काम परत करते आणि आम्ही हसतो. म्हातारी माणसे विसरतात.’

पहिली पायरी: लाल पेन उचलण्यापूर्वी उत्तर कोठून आले ते शोधावे

या उत्तरावर फुली मारून पुढे जाणे सोपे आहे, परंतु ते उत्तर पुन्हा एकदा सावकाश वाचले तर त्यात दोन वेगवेगळ्या गोष्टी दिसतात. ‘ती तेच तांदूळ परत निवडते’ हे उताऱ्यातील चौथ्या वाक्यातून आलेले आहे, म्हणजे मुलीने पुरावा हेरला आहे, आणि तोही महत्त्वाचा. ‘म्हातारी’ हा शब्द मात्र उताऱ्यात नाही. सखूआत्या तीस वर्षांची आहे की सत्तर वर्षांची, हे सहाही वाक्यांत कोठे सांगितलेले नाही. तो शब्द आजीबरोबर आला आहे. अभिप्राय लिहिणाऱ्याला हवा असतो तो नेमका हाच सांधा, जिथे उतारा संपला आणि घर सुरू झाले.

हा सांधा शोधण्यासाठी मी एक साधी कसोटी वापरते: हे वाक्य उतारा न वाचता लिहिता आले असते का? ‘म्हातारी माणसे विसरतात’ हे वाक्य कोणताही उतारा न वाचता लिहिता येते. ‘ती तेच तांदूळ परत निवडते’ हे येत नाही. उत्तरातील प्रत्येक वाक्याला ही कसोटी लावायला अर्धा मिनिटही लागत नाही. शंका राहिलीच तर मुलीला जवळ बोलावून ‘कशावरून?’ एवढेच विचारावे आणि तिची नजर कोठे जाते ते पाहावे. नजर पानावर गेली तर ती पुरावा शोधते आहे. छताकडे गेली तर आठवण शोधते आहे.

येथे नवीन शिक्षकांची एक चूक होते ती आधीच सांगितलेली बरी. प्रत्येक विचित्र उत्तर हे अनुभवावरून मारलेला अंदाज नसते. याच उताऱ्यावर एका मुलाने लिहिले होते: ‘आत्याला लग्नाच्या जेवणासाठी सगळ्यात चांगले तांदूळ पाहिजेत म्हणून ती ते निवडते.’ हे वाचून प्रथम वाटते की मुलगा नुकताच कोणाच्या तरी लग्नाला जाऊन आला असावा. प्रत्यक्षात त्याला ‘तांदूळ निवडणे’ म्हणजे त्यातले खडे आणि तूस वेचून काढणे हे माहीतच नव्हते. घरी तांदूळ पिशवीतून येतो आणि सरळ कुकरमध्ये जातो, म्हणून त्याने ‘निवडणे’चा त्याला ठाऊक असलेला एकमेव अर्थ घेतला. अशा मुलाला अनुमानावर चार ओळी लिहून काही उपयोग नाही. त्याच्या वहीत शब्दाचा अर्थ लिहावा आणि तोच प्रश्न पुन्हा सोडवायला सांगावा, एवढे पुरते.

मूळ अडचण कोणती, हे स्वतःशी स्पष्ट करून घ्यावे

बहुतेक शिक्षक येथे घाईने लिहून टाकतात: ‘स्वतःच्या मनाचे लिहू नये.’ हा शेरा नुसता तुटक आहे असे नव्हे, तो चुकीचा आहे. अनुमान अनुभवाशिवाय करताच येत नाही. माणूस मन रमवण्यासाठी किंवा मनातले लपवण्यासाठी हाताला उगाच काम देतो, हे उताऱ्यात लिहिलेले नाही. ते वाचणाऱ्याने आपल्या अनुभवातूनच आणायचे असते. अनुभवावर बंदी घातली की विद्यार्थी अनुमान करणेच सोडतो आणि उताऱ्यातील ओळ जशीच्या तशी उतरवून ठेवतो. मग आपण पुढच्या आठवड्यात त्याच वहीत ‘स्वतःच्या शब्दांत लिहा’ असा शेरा मारतो आणि मुलाला दोन्हींचा मेळ लागत नाही.

हा गुंता सोडवायला मला न्यायशास्त्रातील, म्हणजे प्राचीन भारतीय तर्कशास्त्रातील, जुने उदाहरण फार उपयोगी पडले. पर्वतावर अग्नी आहे, कारण तेथे धूर आहे, जसे स्वयंपाकघरात धूर तेथे अग्नी असतो, असा तो युक्तिवाद. यात ‘पर्वतावर अग्नी आहे’ ही प्रतिज्ञा, ‘धूर आहे’ हा हेतू आणि स्वयंपाकघर हे उदाहरण. आपल्या विद्यार्थिनीची आजी म्हणजे हे स्वयंपाकघर आहे. ते उदाहरण देण्यात गैर काहीच नाही. पण पर्वतावर धूर दिसला आहे का, आणि दिसला तो खरोखर धूरच आहे की धुके, हे न पाहता ती स्वयंपाकघराच्या भरवशावर अग्नीपर्यंत पोचली. म्हणून अभिप्रायाचे काम आजीला वहीतून हाकलणे हे नसून तिला हेतूच्या मागे नेऊन बसवणे हे आहे. हे शब्द अर्थातच सातवीच्या वहीत लिहायचे नाहीत. ते आपल्यासाठी आहेत.

ही सवय येते कोठून, हेही ध्यानात घ्यावे. आपल्या कृतिपत्रिकांत आकलनाच्या कृतींबरोबर स्वमताची कृती असते, आणि तेथे ‘तुमचा अनुभव लिहा’, ‘तुमचे मत सोदाहरण लिहा’ असे आपणच सांगतो व अनुभव लिहिला की गुण देतो. वाचनाच्या अभ्यासक टॅफी राफेल यांनी १९८०च्या दशकात प्रश्नांची जी वर्गवारी मांडली, तिच्यात ‘लेखक आणि मी’ मिळून उत्तर देण्याचे प्रश्न आणि केवळ ‘माझे मी’ उत्तर देण्याचे प्रश्न वेगळे ठेवले आहेत. स्वमत बहुतांशी दुसऱ्या प्रकारात मोडते आणि अनुमान पहिल्या. विद्यार्थ्याला दोन्ही ठिकाणी ‘उत्तर पुस्तकात लिहिलेले नाही’ एवढेच दिसते, म्हणून तो दोन्ही ठिकाणी सारखेच वागतो. तेव्हा ही त्याची बेफिकिरी नसून एका जागी शिकलेली चांगली सवय त्याने दुसऱ्या जागी नेली आहे, असे मानून पेन उचलले तर अभिप्रायाचा सूर आपोआप बदलतो.

दुसरी पायरी: अभिप्रायाचा मसुदा

नवीन शिक्षकाने पहिले काही आठवडे तरी अभिप्राय थेट वहीत न लिहिता आधी कच्च्या कागदावर लिहून पाहावा. वरच्या उत्तरावर साधारणपणे सुचणारा पहिला मसुदा असा असतो: ‘उतारा नीट वाचा.’ विद्यार्थिनीने उतारा वाचलेलाच आहे, तिला चौथे वाक्य सापडले आहे. तेव्हा नीट म्हणजे आणखी कसे, हे तिला कळण्याची सोय या शेऱ्यात नाही. ती उतारा आणखी एकदा वाचेल आणि तिला पुन्हा आजीच दिसेल.

दुसरा मसुदा बहुधा याच्या उलट टोकाला जातो: ‘आत्या विसराळू नाही. दादा मुंबईला जाणार म्हणून तिला वाईट वाटते आहे. हे वाक्य ४, ५ आणि ६ वरून कळते.’ यात सर्व काही बरोबर आहे आणि म्हणूनच तो निरुपयोगी आहे. अनुमान शिक्षकाने करून टाकले. विद्यार्थिनीला उरले ते उतरवून घेण्याचे काम. ती ते सुवाच्य अक्षरात करील आणि पुढच्या उताऱ्याला पुन्हा घरी जाईल.

या दोन्हींच्या मधला, वहीत प्रत्यक्ष लिहिण्याजोगा अभिप्राय असा होऊ शकतो:

‘तू वाक्य ४ मधला पुरावा बरोबर हेरलास. आत्या तेच तांदूळ पुन्हा निवडते, हे अनेकांच्या नजरेतून सुटले आहे. “म्हातारी” हा शब्द मात्र तुझ्या आजीवरून आलेला दिसतो. आत्याच्या वयाबद्दल उताऱ्यात काही सांगितले आहे का, ते पाहा. आता वाक्य ६ पुन्हा वाच. मुंबईत सगळे मिळते असे म्हणूनही ती लाडवांचा डबा पेटीवर ठेवते. ती विसराळू आहे, एवढ्याने या वाक्याचा उलगडा होतो का? होत नसेल, तर वाक्य ४ आणि वाक्य ६ या दोन्हींना लागू पडेल असे कारण शोध आणि खालच्या चार ओळींत उत्तर नव्याने लिही. सुरुवात “वाक्य … मध्ये …, म्हणजे …” अशी कर.’

या अभिप्रायातील प्रत्येक भाग तेथे का आहे, ते क्रमाने पाहू.

पहिल्या वाक्यात तिने काय बरोबर केले ते सांगितले आहे, पण ‘छान’ किंवा ‘चांगला प्रयत्न’ असे म्हटलेले नाही. वाक्याचा क्रमांक दिल्यामुळे तिला कळते की उत्तरातील कोणता भाग पुढे राखायचा आहे. हे न सांगितल्यास विद्यार्थी संपूर्ण उत्तर खोडतात आणि पुराव्यासकट सगळे टाकून देतात. मी हे इतक्या वेळा पाहिले आहे की आता राखायचा भाग आधी लिहिल्याशिवाय पुढचे वाक्य मला सुचतच नाही.

दुसऱ्या भागात उतारा आणि घर यांचा सांधा दाखवला आहे, तोही एका शब्दावर बोट ठेवून. ‘तू अनुभवावरून लिहितेस’ असे म्हटले असते तर ते तिच्याविषयीचे विधान झाले असते. ‘हा शब्द आजीवरून आलेला दिसतो’ हे उत्तराविषयीचे विधान आहे आणि ते तिला स्वतः पडताळून पाहता येते. ‘दिसतो’ हे क्रियापदही मुद्दाम वापरले आहे, कारण तिच्या डोक्यात काय चालले होते याविषयी आपलेही अनुमानच आहे.

तिसरा भाग, म्हणजे सहाव्या वाक्याकडे पाठवणे, हा या अभिप्रायाचा गाभा. विसराळूपणाने चौथ्या वाक्याचा उलगडा होतो, आणि प्रामाणिकपणे पाहिले तर पाचव्याचाही होतो. गाठ बांधली की नाही हे विसरणारा माणूसही ती दोनदा सोडून बांधेल. तिचे उत्तर वेडगळ नाही, ते अपुरे आहे, आणि त्याचे अपुरेपण चौथ्या-पाचव्या वाक्यांत शोधून सापडणार नाही. म्हणून तिच्या निष्कर्षाला न जुमानणारे वाक्य कोणते, ते शिक्षकाने शोधायचे आणि तेवढेच तिच्यापुढे ठेवायचे. दुसरे वाक्यही चालले असते: ‘गाडी सहाचीच ना?’ यातल्या ‘च’मुळे कळते की आत्याला वेळ पाठ आहे, ती फक्त खात्री करून घेते आहे. पण सातवीच्या मुलीला ‘च’वर अडवणे जरा सूक्ष्म होते, शिवाय पुन्हा विचारणे म्हणजे विसरणेच, असा वाद ती घालू शकते आणि त्यात तिची फारशी चूकही नसेल. लाडवांच्या डब्याला असा फाटा फुटत नाही. दोन-तीन वाक्ये उपलब्ध असली तरी अभिप्रायात एकच द्यावे.

शेवटच्या भागात करायचे काम आहे, त्यासाठी किती जागा आहे ते आहे आणि वाक्याची सुरुवात करून दिलेली आहे. ‘म्हणजे’ हा शब्द येथे मोठे काम करतो. त्याच्या डावीकडे उतारा येतो आणि उजवीकडे विद्यार्थ्याचा विचार. ‘कारण’ने असे होईलच याची खात्री नसते, कारण ‘कारण माझी आजी…’ असेही वाक्य पुढे जाऊ शकते. तिच्या पहिल्या उत्तरात ‘कारण’ होताच, आणि पाठोपाठ आजीही आली.

तिसरी पायरी: गुण केव्हा द्यावेत

अभिप्रायाशेजारी त्याच वेळी गुण लिहू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. वही हातात पडताच मूल प्रथम आकडा पाहते, मग शेजारच्याचा आकडा पाहते आणि वही मिटते. रूथ बटलर यांनी इस्राएलमधील पाचवी-सहावीच्या विद्यार्थ्यांवर केलेल्या आणि १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ज्या मुलांना केवळ लेखी शेरे मिळाले त्यांचे पुढचे काम सुधारले. ज्यांना गुण आणि शेरे दोन्ही मिळाले त्यांना शेऱ्यांचा तसा लाभ झाला नाही. ते प्रयोग उताऱ्यावरील प्रश्नांचे नव्हते, तेव्हा ते जसेच्या तसे लागू करण्याचा आग्रह मी धरणार नाही. परंतु वर्गात दिसते ते याहून फारसे वेगळे नसते. शाळेला गुणांची नोंद हवीच असते, म्हणून गुण पुनर्लेखनानंतर द्यावेत आणि ते दुसऱ्या उत्तराला द्यावेत.

चौथी पायरी: दुसरे उत्तर आणि त्यावरचा आणखी छोटा अभिप्राय

वर्गातच दहा मिनिटे देऊन पुनर्लेखन करून घ्यावे. गृहपाठ म्हणून दिल्यास अभिप्राय वाचला जातो तो बहुधा पालकांकडून, आणि उत्तरही त्यांचेच येते. आपल्या विद्यार्थिनीचे दुसरे उत्तर असे आले:

‘वाक्य ४ मध्ये आत्या तेच तांदूळ परत निवडते आणि वाक्य ६ मध्ये मुंबईत सगळे मिळते म्हणते पण लाडू देते, म्हणजे तिला दादा जायला नको आहे पण ती ते सांगत नाही. माझा भाऊ होस्टेलला गेला त्या दिवशी आईपण असेच कपाट आवरत बसली होती.’

आजी गेली आणि आई आली, म्हणून येथे पुन्हा लाल पेन चालवण्याचा मोह होईल. तो आवरावा. आई आता हेतूच्या मागे बसली आहे. दोन वाक्यांचा पुरावा आधी आला, निष्कर्ष नंतर, आणि अनुभव उदाहरण म्हणून शेवटी. शिवाय ही आठवण पहिलीपेक्षा नेमकी आहे, कारण ती आता कृतीच्या साम्यावरून नव्हे तर प्रसंगाच्या साम्यावरून निवडली गेली आहे. या उत्तरावर दोनच ओळी लिहाव्यात:

‘आता तुझ्या निष्कर्षामागे दोन वाक्ये उभी आहेत आणि आईचे उदाहरण त्यांना जुळते. एक शब्द तपास: “जायला नको आहे” आणि “जाणार याचे वाईट वाटते” यांपैकी डबा बांधून देणाऱ्या आत्याला कोणते अधिक शोभते?’

ही शेवटची सूचना बारीक वाटेल, पण अनुमान पुराव्यापेक्षा पुढे धावू नये हे शिकवण्याची जागा हीच असते, आणि पहिल्या अभिप्रायात ती घातली असती तर ती वाया गेली असती. उत्तरे एकाहून अधिक असू शकतात, हेही लक्षात ठेवावे. ‘आत्या काळजीत असावी’ असे लिहिणारा विद्यार्थी चुकलेला नाही. दोनदा तपासलेली गाठ आणि लाडवांचा डबा काळजीलाही चांगले जुळतात, आणि आपल्या उत्तरसूचीत ‘दुःख’ लिहिलेले आहे म्हणून त्याचे गुण कापणे अन्यायाचे होईल.

बरोबर उत्तर, चुकीची वाट

सर्वांत जास्त निसटते ते हे उत्तर: ‘आत्याला वाईट वाटत असेल. माझा काका पुण्याला गेला तेव्हा आजी खूप रडली होती.’ निष्कर्ष बरोबर असल्यामुळे आपण खूण करतो आणि पुढे जातो. या मुलाची सवय मात्र आपल्या विद्यार्थिनीहून पक्की आहे. तिने निदान एक वाक्य तरी पकडले होते, याने एकही नाही. अनुभव आणि उतारा योगायोगाने जुळले म्हणून तो वाचला, आणि पुढच्या उताऱ्यात घर सोडून जाणारे पात्र सुटल्याचा श्वास टाकणारे असेल, तर तो तेथेही रडणारी आजीच लिहील. त्याच्या वहीत मी असे लिहीन: ‘निष्कर्ष पटतो. आत्या उताऱ्यात रडते का? नसेल, तर तिला वाईट वाटते हे तुला कोणत्या वाक्यावरून कळले, त्याचा क्रमांक लिही.’ बरोबर उत्तराला प्रश्न विचारलेला मुलांना आवडत नाही, म्हणून ‘निष्कर्ष पटतो’ हे आधी आणि निःसंदिग्ध असावे.

एक भाषिक खूण

मराठीत एक सोय आहे तिचा लाभ अभिप्रायात घेता येतो. अंगण ओले दिसले की आपण ‘पाऊस पडून गेला असावा’ म्हणतो. काहीच न पाहता ‘तिकडे पाऊस पडत असेल’ म्हणतो. बोलण्यात ही सीमा कोणी काटेकोर पाळत नाही आणि व्याकरणाचा नियम म्हणून ती मुलांवर लादू नये, पण वर्गापुरता संकेत म्हणून ती चांगली चालते: खूण दाखवता येत असेल तर ‘असावे’, नुसता अंदाज असेल तर ‘असेल’. मग वरच्या मुलाच्या उत्तरात ‘असेल’खाली रेघ मारून ‘असावे करण्याइतका पुरावा दे’ एवढे लिहिले तरी पुरते. प्रश्न तयार करतानाही ‘काय चालले असेल?’ ऐवजी ‘काय चालले असावे?’ असे विचारावे. आपल्याच प्रश्नाने ‘तुला काय वाटते?’ असा सूर लावला, तर मुलाने घरची गोष्ट सांगितल्याबद्दल त्याला दोष देता येत नाही.

वह्या पंचावन्न असतील तेव्हा

वरच्यासारखा सविस्तर अभिप्राय लिहायला पाच-सहा मिनिटे लागतात, आणि पंचावन्न वह्यांना ते शक्य नाही. म्हणून एका उताऱ्याच्या वेळी सात-आठ वह्याच अशा तपासाव्यात आणि उरलेल्यांत समासात एक खूण करावी. मी ‘क?’ लिहिते, म्हणजे ‘कशावरून?’. तिचा अर्थ वर्गात एकदा सांगितला की पुरे: या वाक्याला उताऱ्यातील वाक्याचा क्रमांक जोड, आणि जोडता आला नाही तर वाक्य बदल. ही खूण उत्तराच्या शेवटी न करता नेमक्या त्या वाक्याशेजारी करावी, नाहीतर ती ‘उतारा नीट वाचा’चाच छोटा अवतार ठरते. सविस्तर अभिप्रायाची पाळी कोणाची झाली, याची नोंद हजेरीपटाच्या क्रमाने ठेवावी. तशी न ठेवल्यास वेळ नेहमी वर्गातील तीच आठ मुले घेऊन जातात.

अभिप्रायानंतर पुढच्या दोन उताऱ्यांत एक विशिष्ट चूक येऊ शकते आणि तिला घाबरून जाऊ नये. विद्यार्थी केवळ वाक्ये उतरवू लागतो: ‘वाक्य ४ मध्ये आत्याने तांदूळ पुन्हा सुपात ओतले.’ आणि पूर्णविराम. त्याने अनुभव सोडला, पण त्याबरोबर विचारही सोडला. त्याच्या वहीत पूर्णविराम खोडून तेथे ‘म्हणजे’ लिहावे आणि पुढे अर्धी ओळ मोकळी ठेवावी. याहून जास्त काही लिहिण्याची गरज नाही.

सवय बसली की नाही, हे गुणांवरून कळत नाही. तीन-चार आठवड्यांनी एक नवा उतारा द्यावा, वाक्यांना क्रमांक न घालता आणि ‘म्हणजे’ची सुरुवात न देता, आणि उत्तरांच्या आधी उताऱ्याची पाने तपासावीत. आपल्या विद्यार्थिनीच्या पानावर पेन्सिलीने दोन ओळींखाली रेघा होत्या आणि कडेला तिने स्वतःच ‘क?’ लिहून ते खोडले होते.